सरासरी नेमकी किती वाजता असते?

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोज शहराच्या नावापुढे दोन आकडे छापलेले असतात. कमाल आणि किमान. समजा, मे महिन्यातल्या एका दिवशी पुण्यापुढे ३८ आणि २२ असे आकडे आहेत. त्या दिवसाचं सरासरी तापमान किती, असं विचारलं तर सहावीतलं पोरही सांगेल: अडतीस आणि बावीस साठ, भागिले दोन, तीस. आपल्याकडच्या हवामानाच्या नोंदींतही दिवसाचं सरासरी तापमान असंच, कमाल आणि किमान यांची बेरीज अर्धी करून काढण्याची पद्धत आहे. हिशोबात चूक काहीच नाही. पण तो दिवस सरासरी तीस अंशांचा होता का, तर बहुतेक नव्हता.

पाच विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढताना गुण पाचच असतात. बेरीज करायची, पाचाने भागायचं, विषय संपला. दिवसभराच्या तापमानाचं तसं नाही. ते सहा वाजता असतं, सहा वाजून एक मिनिटाने असतं आणि त्या दोहोंच्या मधल्या प्रत्येक क्षणालाही असतं. अशा, क्षणाक्षणाला किंमत असलेल्या राशीला गणितात फल म्हणतात. मग किती आकड्यांची बेरीज करायची, आणि भागायचं कितीने? आकडे अगणित, म्हणजे भाजकही अगणित, आणि त्यातून काही निघत नाही.

वाट अशी काढतात. आधी तासातासाला तापमान घ्यायचं आणि चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. मग अर्ध्या तासाने घ्यायचं, अठ्ठेचाळीस आकडे. मग मिनिटामिनिटाला, चौदाशे चाळीस आकडे. नोंदी जसजशा दाट होत जातात तसतसं उत्तर हलायचं थांबतं आणि एका संख्येपाशी स्थिरावतं. ती संख्या म्हणजे त्या फलाची त्या कालावधीतली सरासरी.

हेच चित्रात पाहिलं तर अधिक सोपं. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर तापमान, आणि दिवसभराची चढउतार दाखवणारी वक्ररेषा. ही वक्ररेषा म्हणजे उंचसखल शेत समजा. फळी फिरवून उंचवट्यांवरची माती खळग्यांत ओढली आणि सगळं शेत सपाट केलं, माती बाहेरून आणली नाही की बाहेर टाकली नाही, तर जी एकसारखी उंची मिळेल ती सरासरी. माती तेवढीच, म्हणजे वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ तेवढंच. सपाट झालेला आकार आयत आहे, त्याचं क्षेत्रफळ लांबी गुणिले उंची. म्हणून उंची हवी असेल तर क्षेत्रफळाला लांबीने भागायचं. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ काढण्याच्या क्रियेला संकलन म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातलं सूत्र एवढंच सांगतं:

सरासरी = (1/(b − a)) ∫ f(t) dt, जिथे संकलन a पासून b पर्यंत

बारावीत हे सूत्र पाठ केलेल्या अनेकांना त्यातला 1/(b − a) कुठून आला ते आठवत नाही. तो शेताच्या लांबीचा भागाकार आहे, दुसरं काही नाही.

वेधशाळेत हे काम कितीतरी काळ कागदावर व्हायचं. थर्मोग्राफ नावाच्या यंत्रात घड्याळाच्या चावीवर सावकाश फिरणारा एक दंडगोल असतो, त्यावर आखीव कागद गुंडाळलेला असतो आणि तापमानाबरोबर वरखाली होणारी शाईची टोकदार लेखणी त्यावर रेघ ओढत राहते. कागद उतरवला की दिवसाची वक्ररेषा हातात. अशा वक्राकृतींचं क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर नावाचं उपकरण होतं, १८५४ साली स्वित्झर्लंडच्या याकोब आम्स्लरने बनवलेलं. त्याची सुई आकृतीच्या कडेवरून फिरवून परत सुरुवातीच्या जागी आणली की चाकावर क्षेत्रफळ वाचता येतं. ज्या प्रयोगशाळांत प्लॅनिमीटर नसे तिथे याहून गावठी उपाय चाले, आणि मला तो फार आवडतो. वक्ररेषेखालचा कागद कात्रीने कापायचा आणि नाजूक तराजूत तोलायचा. त्याच कागदाचा मोजलेल्या आकाराचा चौकोन तोलायचा. वजनांचं गुणोत्तर तेच क्षेत्रफळांचं गुणोत्तर. संकलन वजनकाट्यावर होतं यावर विश्वास बसत नसेल तर करून पाहावं, फक्त कागद सगळीकडे एकाच जाडीचा हवा.

आता आपल्या ३८ आणि २२ च्या दिवसाकडे येऊ. हा दिवस मी हिशोबाला सोपा जावा म्हणून रचलेला आहे, पण त्याची ठेवण खऱ्या, निरभ्र दिवसासारखीच ठेवली आहे. सकाळी सहाला २२ अंश. तिथून सरळ रेषेत चढत दुपारी तीनला ३८. मग उतरण, आणि उतरणीची तऱ्हा चढणीहून वेगळी. ऊन कलल्यावर तापमान आधी भराभर पडतं, रात्री त्याचा वेग मंदावतो आणि पहाटे ते जवळजवळ जागच्या जागी थांबतं. म्हणून तीननंतरचा भाग असा धरला: दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहापर्यंत जितके तास उरले असतील त्यांना पंधराने भागा, त्याचा वर्ग करा, १६ ने गुणा आणि त्यात २२ मिळवा. तीन वाजता पंधरा तास उरलेले असतात, उत्तर ३८. रात्री नऊला नऊ तास उरलेले, उत्तर २७.७६. सकाळी सहाला शून्य तास, उत्तर २२.

चढणीचे तास नऊ. सरळ रेषा असल्याने तिथली सरासरी बरोबर मधली, ३०. नऊ गुणिले तीस, २७०. उतरणीचे तास पंधरा. वर्गाच्या वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ तिच्याभोवतीच्या चौकोनाच्या एक तृतीयांश असतं, त्यामुळे तिथली सरासरी २२ अधिक १६ चा तिसरा हिस्सा, म्हणजे २७.३३. पंधरा तासांचे झाले ४१०. एकूण ६८०. हे एकक मोठं मजेशीर आहे, अंश-तास. त्याला २४ तासांनी भागलं की २८.३३ अंश. हीच त्या दिवसाची खरी सरासरी.

तीस आणि २८.३३. पावणेदोन अंशांच्या आसपास फरक पडला, आणि तो का पडला हे उघड आहे. कमाल आणि किमान हे दोन आकडे फक्त शेताचा सर्वांत उंच आणि सर्वांत खोल ठिपका सांगतात. उंचवटा किती रुंद होता आणि खळगा किती लांब पसरला होता याची त्यांना खबर नसते. दुपारचा कडाका तीन-चार तासांचा आणि रात्रीचा गारवा लांबलचक असेल, तर खरी सरासरी मधल्या आकड्याच्या खाली सरकणार.

यात वळवाच्या पावसाची भर घाला. सकाळ तीच, तीनला ३८. पण मग ढग आले, वारा सुटला आणि चारच्या ठोक्याला तापमान २५ वर कोसळलं. पुढचे चौदा तास ते २५ वरून सावकाश २२ पर्यंत घसरलं. हिशोब करून पाहिला तर सकाळचे २७०, तीन ते चार या तासाचे ३१.५, उरलेल्या चौदा तासांचे ३२९. बेरीज ६३०.५, भागिले २४, सरासरी २६.२७. वर्तमानपत्रातले आकडे मात्र तेच, ३८ आणि २२, आणि त्यांचा मध्य तोच, तीस. पावणेचार अंशांची चूक झाली आणि छापलेल्या आकड्यांवरून ती झाल्याचं कळायला मार्गच नाही. ती पकडायची तर मधल्या नोंदी हव्यात.

मधल्या नोंदी घ्यायच्या, पण रात्रभर माणूस जागवायचा कसा, हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकात तासातासाला नोंदी घेतल्या जात. याच वेधशाळेत केरूनाना छत्रे तरुणपणी नोकरीला होते, पुढे पुण्यात गणित शिकवणारे तेच केरूनाना. तासाच्या नोंदी किती चांगलं काम करतात ते आपल्या रचलेल्या दिवसावर तपासता येतं. सकाळी सहापासून पहाटे पाचपर्यंतचे चोवीस आकडे मी मांडले, बेरीज आली ६८०.१८, सरासरी २८.३४. खऱ्या उत्तरापासून शंभराव्या हिश्शाइतकी दूर. चोवीस ठिपक्यांत संकलन जवळजवळ पूर्ण पकडलं गेलं.

पण चोवीस वेळा उठणं सगळ्यांना परवडत नाही. जर्मनीतल्या मानहाइम इथे १७८० साली हवामानाच्या नोंदी ठेवणारी एक संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या दूरदूरच्या केंद्रांना नोंदींच्या तीन वेळा ठरवून दिल्या: सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ. या तीन वेळांवरून जर्मनीत पुढे एक सूत्र रूढ झालं. सातचा आकडा, दोनचा आकडा आणि नऊचा आकडा दोनदा धरून बेरीज करायची आणि चाराने भागायचं. नऊच्या नोंदीला दुप्पट मान, कारण तिच्यामागे नोंद न घेतलेली अख्खी रात्र उभी असते. आपल्या पुण्याच्या दिवशी सातला २३.७८, दोनला ३६.२२ आणि नऊला २७.७६. सूत्रात घातले की २८.८८ येतात. चूक अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे कमाल-किमान पद्धतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तीन वेळा थर्मामीटर पाहून एवढं मिळत असेल तर सौदा वाईट नाही. जर्मनीच्या हवामान खात्याने हे सूत्र २००१ पर्यंत वापरलं.

आता कुणालाही सुचेल असा एक आळशी विचार. तीन वेळा तरी कशाला? दिवसात एखादा क्षण असा असेलच ना, की त्या क्षणी तापमान नेमकं सरासरीएवढं असतं? तो क्षण ठाऊक असेल तर थर्मामीटर एकदाच पाहायचा आणि मोकळं व्हायचं.

असा क्षण असतोच. संकलनाचं मध्यमूल्य प्रमेय म्हणतात ते हेच, आणि फ्रेंच गणिती कोशी याच्या १८२३ सालच्या पाठांमध्ये ते सापडतं. सूत्रात f(c)(b − a) = ∫ f(t) dt, म्हणजे a आणि b यांच्या दरम्यान एक c असा असतो, की तिथली फलाची किंमत आणि कालावधीची लांबी यांचा गुणाकार बरोबर क्षेत्रफळाएवढा भरतो. सिद्धता दोन पायऱ्यांची आहे. सरासरी किमानाच्या खाली जाऊ शकत नाही आणि कमालाच्या वर जाऊ शकत नाही, कारण सपाट केलेल्या शेताची उंची मूळच्या सर्वांत उंच ठिपक्याला ओलांडणार नाही. ही झाली पहिली पायरी. दुसरी अशी की तापमान २२ वरून ३८ वर जाताना मधली कुठलीही किंमत गाळून उडी मारत नाही, त्याला वाटेत २८.३३ ला शिवावंच लागतं. झालं.

आपल्या दिवशी हे शिवणं केव्हा होतं? सकाळी चढताना ९ वाजून ३४ मिनिटांनी, आणि रात्री उतरताना ८ वाजून ३४ मिनिटांनी. प्रमेय निदान एका क्षणाची हमी देतं, इथे दोन मिळाले, आणि हा योगायोग नाही. जिथून दिवस सुरू झाला तिथेच, २२ अंशांवर, तो संपतो. एकदा सरासरीच्या रेषेवर गेलेल्याला पुन्हा खाली यावंच लागणार.

मग आळशी माणसाचा बेत का फसतो? कारण प्रमेय तो क्षण आहे एवढंच सांगतं, तो कुठे आहे हे सांगत नाही. तो शोधायचा तर आधी सरासरी ठाऊक हवी, आणि सरासरी ठाऊक असेल तर तो शोधायचा कशाला! शिवाय हा क्षण दर दिवशी जागा बदलतो. वळवाच्या त्या दिवशी तापमान २६.२७ ला सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनीच शिवलं आणि नंतर थेट दुपारी चार वाजायला सहा मिनिटं असताना. रात्री साडेआठला थर्मामीटर पाहणाऱ्याला त्या दिवशी सरासरीहून दोन अंशांहून जास्त कमी आकडा मिळाला असता. आणि वेळ बरोबर ठरवली तरी सकाळच्या क्षणी तापमान तासाला पावणेदोन अंशांच्या वेगाने चढत असतं. अर्धा तास चुकला की जवळजवळ एक अंश गेला. रात्रीच्या क्षणी उतरण थोडी सौम्य असते, तिथे अर्ध्या तासाची चूक सुमारे दोन तृतीयांश अंशांची.

सिद्धतेच्या दुसऱ्या पायरीत एक अट गुपचूप बसलेली आहे: फलाने उडी मारता कामा नये. गणितात याला संतत असणं म्हणतात. ही अट काढून टाकली की काय होतं हे नळाच्या पाण्याइतकं चांगलं दुसरं काही दाखवत नाही. समजा, तुमच्याकडे सकाळी सहा ते आठ नळाला पाणी येतं, मिनिटाला १२ लिटर, आणि उरलेले बावीस तास नळ कोरडा. दिवसाचं पाणी झालं १४४० लिटर, दिवसाची मिनिटंही १४४०. सरासरी मिनिटाला एक लिटर. पण दिवसातला कुठलाही क्षण घ्या, नळातून मिनिटाला एक लिटर पाणी पडत नसतं. एकतर बारा, नाहीतर शून्य. सरासरी आहे, पण सरासरीचा क्षण नाही. माणशी सरासरी पाणीपुरवठ्याचे सरकारी आकडे वाचून बायका हसतात त्यामागचं गणित एवढंच आहे.

इथे काटेकोर वाचक म्हणेल की खरा नळ असा उडी मारत नाही. आधी फुसफुस हवा येते, मग थेंब, मग बारीक धार, मग पूर्ण जोर. बरोबर आहे, आणि त्या काही सेकंदांत धार एका क्षणी मिनिटाला एक लिटर असतेच, प्रमेय तिथे पुन्हा लागू पडतं. पण त्या क्षणाने हंडा भरत नाही. कागदावर उडी धरायची की चढण, हे मोजणाऱ्याने ठरवायचं असतं. तासातासाला मोजणाऱ्याला उडी दिसेल, सेकंदाला मोजणाऱ्याला चढण.

तापमानाच्या बाबतीत निसर्गच संतत असल्याने ती अडचण येत नाही. मग आज स्वयंचलित यंत्रं मिनिटामिनिटाला तापमान टिपत असताना कमाल-किमानाची अर्धी बेरीज अजून का चालते? कारण जुन्या वह्यांत दुसरं काही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बहुतेक केंद्रांवर माणूस ठरल्या वेळी यायचा आणि कमाल-किमान दाखवणारे दोन थर्मामीटर वाचून जायचा. यंदाची सरासरी मिनिटांच्या नोंदींवरून आणि १९२५ ची दोन आकड्यांवरून काढली, तर दोहोंच्या वजाबाकीत हवामानाच्या बदलाबरोबर पद्धतीचा बदलही मिसळतो, आणि तो एक-दीड अंशांचा असू शकतो. एकाच केंद्राची वर्षं एकमेकांशी ताडायची असतील तर जुनीच पद्धत दोन्हीकडे लावणं हे माझ्या मते शहाणपणाचं आहे. पण दोन शहरं ताडताना मात्र सावध राहावं. भर पावसाळ्यात मुंबईचं कमाल आणि किमान एकमेकांपासून फार दूर नसतं, तिथे मधला आकडा फारसा चुकूच शकत नाही. उन्हाळ्यातल्या पुण्यात किंवा नागपुरात दोहोंमधलं अंतर पंधरा-सोळा अंशांचं असतं, तिथे चुकायला ऐसपैस जागा आहे.

घरी करून पाहायचं असेल तर साधा थर्मामीटर पुरे. तो सावलीत, भिंतीपासून हातभर लांब, वारा लागेल असा टांगा. सुट्टीच्या एखाद्या दिवशी सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊला आकडा लिहा, नऊचा दोनदा धरून चाराने भागा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या कमाल-किमानाचा मध्य शेजारी मांडा. तुमची जागा आणि वेधशाळेची जागा वेगळी असल्याने एका दिवसावरून काही ठरवू नका, महिनाभर वही ठेवा, आणि वळीव पडेल त्या तारखेवर खूण करायला विसरू नका.